स्कीम संपली की ऑर्डर थांबते: पडून राहिलेला माल काढताना दर पडू नये म्हणून काय तपासावं

गणपती उठले की पुण्यातल्या छोट्या खाद्यपदार्थ उत्पादकांकडून मला एकच प्रश्न येतो. उकडीच्या मोदकाच्या पिठाचे बॉक्स उरलेत, पॅकिंग जुलैचं आहे, दुकानदाराला किती सूट देऊ म्हणजे माल निघेल? आणि ज्यांनी गेल्या वर्षी सरळ दर तोडून माल काढला होता, त्यांचा प्रश्न त्याहून अवघड असतो. ते म्हणतात, आता गणपतीच्या ऐन तोंडावरसुद्धा दुकानदार पूर्ण दराने माल उचलत नाही.

हा बिघाड मी कोथरूडपासून हडपसरपर्यंत अनेक ब्रँडच्या मालात निस्तरला आहे. प्रत्येक वेळी पहिली मागणी टक्क्यांची असते आणि टक्का हा सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. खाली मोदक पिठाचंच उदाहरण धरलं आहे, कारण त्यात माल अडकण्याची आणि सुटण्याची दोन्ही कारणं पंचांगात दिसतात.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी दिसत असतील तर तुमचा प्रश्न नुसता पडून राहिलेल्या मालाचा नाही. आधीच्या सुटीने दर बिघडवला आहे.

- सेल्समन दुकानात गेला की मालाची चौकशी होण्याआधी "स्कीम कधी येतेय?" हा प्रश्न येतो.
- महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बिलं फुगतात आणि पुढचा महिना कोरडा जातो.
- दुकानाच्या फळीवर नवी बॅच पुढे आणि जुनी मागे, किंवा दोन्ही एकत्र दिसतात.
- मार्केट यार्डात किंवा भवानी पेठेत एखाद्या होलसेलरकडे तुमची पुडी तुम्ही स्वतः दुकानदाराला देता त्याहून स्वस्त मिळते.
- तुमचा डिस्ट्रिब्युटर जिथे माल देतच नाही, अशा चाकण-राजगुरुनगरकडच्या दुकानात तुमच्या स्कीमची बॅच सापडते.
- दुकानदाराने स्वतःच्या हाताने पुठ्ठा लिहून लावलेला असतो, "९० ची पुडी ७५ ला". हे शेवटचं लक्षण सगळ्यात महागात पडतं, कारण इतका वेळ जो दर व्यापाऱ्यांपुरता होता तो आता गिऱ्हाइकाला कळलेला असतो.

हिशोबासाठी एक उदाहरण

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. अर्ध्या किलोची पुडी, एमआरपी ९० रुपये. दुकानदाराला ती ७२ ला पडते, डिस्ट्रिब्युटरला ६६ ला, आणि उत्पादकाचा खर्च ४८. एका बॉक्समध्ये २४ पुड्या. अनंत चतुर्दशीनंतर १०० बॉक्स, म्हणजे २,४०० पुड्या, बाजारात आणि गोदामात मिळून शिल्लक आहेत. पॅकिंग जुलैच्या शेवटचं, मुदत सहा महिने.

आता तपासण्या. पहिल्याला एक पुडी आणि अर्धा तास लागतो, शेवटच्यांना दिवस आणि पैसा दोन्ही. क्रम बदलू नका.

१. जुन्यात जुन्या बॅचची पुडी फोडा आणि उकड काढा

हे सांगितलं की लोक हसतात, पण मी याच्याशिवाय पुढे जात नाही. पीठ आधी चाळून बघा. जाळी, पोरकिडे, गुठळ्या दिसल्या तर विषय तिथेच संपला. नंतर नेहमीच्या मापाने पाणी, मीठ, थोडं तूप घालून उकड काढा, मळा आणि पारी करा. पारीच्या कडा फाटतायत का, वाफवल्यावर मोदकाला भेगा जातायत का, वास कुबट येतोय का, हे बघा. त्याच मापाने ताज्या पिठाचीही उकड शेजारी काढली तर फरक लगेच कळतो.

याचं कारण साधं आहे. सूट दिली की माल पोचतो, आणि पोचलेला माल कुणीतरी शिजवतं. संकष्टीला पाहुणे बसलेले असताना मोदक फुटला तर ती बाई तुमची पुडी पुन्हा घेणार नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर नावासकट लिहील. पडलेला दर एखाद्या हंगामात सावरता येतो, त्या मोदकाचं काय करणार? माल उतरलेला असेल तर स्कीमचा विचार सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

२. माल नेमका कुठे आहे ते लिहून काढा, आणि मुदत मागून मोजा

"१०० बॉक्स उरलेत" हे वाक्य अर्धवट आहे. डिस्ट्रिब्युटरला फोन करा, त्याच्याकडचा बॅचवार साठा मागवा, सेल्समनला एका फेरीत फळ्यांवरच्या पुड्या मोजायला सांगा. आपल्या उदाहरणात असं निघालं: ८०० पुड्या स्वतःच्या गोदामात, ७०० डिस्ट्रिब्युटरकडे, आणि ९०० दुकानांच्या फळ्यांवर.

या तीन आकड्यांना तीन वेगळे उपाय लागतात. फळीवरच्या ९०० पुड्यांना खरेदीवरच्या सुटीचा काडीचाही उपयोग नाही, त्या आधीच विकत घेतलेल्या आहेत. उलट तुम्ही सरळ दर तोडलात तर तेच दुकानदार म्हणणार, "आमच्याकडच्या जुन्या मालावरचा फरक पण द्या." आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नसतं. सरसकट २० टक्के सूट म्हणजे पुडीमागे १४ रुपये ४० पैसे. नव्याने ढकलायच्या १,५०० पुड्यांवर ती २१,६०० रुपये होते, पण फरकाच्या क्लेमसकट २,४०० वर ३४,५६० होते. बहुतेकांच्या हिशोबात हे वरचे १३ हजार नसतातच.

मग मुदत मागून मोजा. पुडीवर जानेवारीचा शेवट आहे म्हणून जानेवारीपर्यंत वेळ आहे असं धरू नका. चांगला दुकानदार दोन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा माल फळीवर घेत नाही. ऑनलाइन विकायचं म्हटलं तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एफएसएसएआयने ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलंच आहे की ग्राहकाच्या हातात पडताना मालाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक हवी. म्हणजे दुकानदाराला शेवटचं बिल साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झालं पाहिजे. सप्टेंबरमध्ये हातात दोन महिने आहेत, साडेचार नाहीत.

या दोन महिन्यांत मोदक पीठ कधी विकलं जातं? अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांतच एक संकष्टी येते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पितृपक्ष लागलेला असतो आणि घराघरात लोक दहा दिवस मोदक खाऊन तृप्त असतात. खरी संधी कोजागरीनंतर चौथ्या दिवशी येणारी अश्विनातली संकष्टी, आणि तिच्यानंतर महिन्याने कार्तिकातली. यातली एखादी मंगळवारी आली तर अंगारकी, मग बघायलाच नको. माघी गणेशजयंती लोक डोळ्यासमोर ठेवतात, पण ती जानेवारी-फेब्रुवारीत येते. या बॅचला ती उपयोगाची नाही.

३. पुडी दुकानात कुठे ठेवली आहे ते स्वतः बघा

आपल्या भागातली दहा-बारा दुकानं पायी फिरा. सेल्समनला बरोबर घेऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा आणि मोदक पीठ मागा. बहुतेक ठिकाणी दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरून पुडी काढतो. गणपतीत काउंटरवर असलेला माल विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी वर जातो, कारण तिथे आता उटणं, पणत्या आणि चकलीची भाजणी यायची असते.

इथे "का विकत नाही?" असं विचारू नका. दुकानदार हमखास "महाग आहे" म्हणणार, तुम्ही कोण आहात हे त्याने ओळखलेलं असतं. विचारायचं ते असं: "दादा, मागच्या संकष्टीला किती गेल्या?" उत्तर "चार-पाच गेल्या" असेल तर दराचा प्रश्नच नाही, पुडी दिसण्याचा प्रश्न आहे. "गिऱ्हाईक शेजारची ७० वाली घेऊन गेलं" असं उत्तर आलं तरच दराकडे वळा. माझ्या अनुभवात पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा खूप जास्त वेळा मिळतं.

फळीवरच्या त्या ९०० पुड्यांचा उपाय इथेच आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. संकष्टीच्या तारखेचा छोटा पुठ्ठ्याचा स्टँड आणि आठवडाभर काउंटरवर जागा. तांदळाच्या पिठीची उकड नाश्त्याला कशी करतात, याचं चार ओळींचं कार्ड पुडीला बांधलं तर संकष्टीखेरीजही थोडा माल हलतो. एमआरपीला कुठे धक्का लागत नाही.

४. आधीची सूट अजून जिवंत आहे का ते शोधा

ही तपासणी कंटाळवाणी आहे, बिलं उलगडून बसावं लागतं. डिस्ट्रिब्युटरकडून गेल्या सहा महिन्यांची दुकानवार बिलं मागा आणि आठवड्यांप्रमाणे मांडा. दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, एखाद्या दुकानाने त्याच्या आकाराला न शोभेल इतका माल उचलला आहे का. महिन्याला १५ पुड्या विकणाऱ्या काउंटरने स्कीममध्ये १० बॉक्स घेतले असतील तर ते त्याने स्वतःसाठी घेतलेले नाहीत. तो माल होलसेलला गेला आणि तिथून तुमच्याच दुसऱ्या दुकानदाराकडे कमी दराने परत आला. मग तो दुकानदार तुमच्या सेल्समनला ७२ रुपये का देईल? मार्केट यार्डाच्या भुसार विभागात एक चक्कर मारून पुडी विकत घ्या आणि बॅच नंबर बिलांशी ताडून बघा. गळती कुठून आहे ते त्यातून बऱ्याच वेळा कळतं.

दुसरी गोष्ट बिलाच्या छपाईत असते. जुनी सूट संपल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या संगणकात दर पुन्हा ७२ झाला का? अनेक ठिकाणी स्कीमच्या वेळी मूळ दराच्या रकान्यातच नवा दर टाकलेला असतो आणि तो तसाच राहतो. वर डिस्ट्रिब्युटर तुमच्याकडे फरकाचा क्लेम लावत राहतो. तुमची सूट कागदावर संपलेली असते, दुकानात ती चालूच असते.

गळती सापडली तर नवी स्कीम थांबवा. आधी ती बॅच बाजारातून संपू द्या किंवा होलसेलरकडून सरळ विकत घेऊन टाका. शंभर-दोनशे पुड्यांसाठी हे स्वस्त पडतं. जुना स्वस्त माल फिरत असताना लावलेल्या नव्या सुटीचा एवढाच परिणाम होतो की होलसेलर आणखी दोन रुपये खाली जातो.

५. आता स्कीम

इथपर्यंत माल चांगला आहे, गळती बंद आहे, आणि १,५०० पुड्या खरोखर ढकलायच्या आहेत असं ठरलं असेल, तरच पुढे वाचा.

दुकानदाराला फायदा द्यायचा, पण तो फायदा त्याला किमतीत उतरवता येऊ नये, हे सगळ्याचं मूळ आहे. दरात दिलेले १४ रुपये त्याच्या गल्ल्यात पडतात किंवा पुठ्ठ्यावर. शेजारच्या दुकानाशी चुरस असेल तर पुठ्ठ्यावरच. "दहावर एक फुकट" याने काम होईल असं वाटतं, पण न हलणाऱ्या मालावर तोच न हलणारा माल फुकट देऊन फळीवरचा ढीगच वाढतो, आणि फुकटची पुडी कमी दरात सोडायला कुणाला काही वाटत नाही.

म्हणून मी फायदा दुसऱ्या वस्तूत देतो. तुमच्याच ब्रँडची जी वस्तू रोज जाते ती घ्या. समजा शंभर ग्रॅम गोडा मसाला, एमआरपी ६०, तुमचा खर्च ३०. मोदक पिठाच्या १२ पुड्यांवर मसाल्याच्या २ पुड्या. दुकानदार लगेच हिशोब करतो: ८६४ रुपयांच्या खरेदीवर १२० रुपयांचा असा माल, जो आठवड्यात जाणारच आहे. त्याच्या दृष्टीने ही जवळजवळ १४ टक्क्यांची सूट झाली. तुम्हाला ती ६० रुपयांत पडते. १,५०० पुड्यांचे १२५ संच, म्हणजे ७,५०० रुपये. डिस्ट्रिब्युटरला मसाला पुडीला पुडी बदलून द्या आणि हाताळणीचे संचामागे ८ रुपये धरा, त्याचे १,००० होतात. एकूण ८,५०० विरुद्ध ३४,५६०. मोदक पिठाचा दर बिलावर ७२ होता आणि ७२ च राहिला.

पण सगळ्या ब्रँडकडे अशी चालती वस्तू नसते. मग रोख सूट द्यावीच लागते. तेव्हा बिलावर मूळ दर ७२ तसाच छापा आणि खाली वेगळ्या ओळीत "संकष्टी सूट" म्हणून रक्कम वजा करा. दुकानदार पुढच्या वेळी बिल काढून बघतो तेव्हा त्याला ७२ दिसला पाहिजे. जीएसटीच्या दृष्टीनेही बिलावरच दाखवलेली सूट सगळ्यात सरळ असते, करपात्र किंमत तिथेच कमी होते.

दुसरा मुद्दा मुदतीचा. "ऑफर ३१ तारखेपर्यंत" यावर पुण्यातला एकही दुकानदार विश्वास ठेवत नाही. त्याला माहीत असतं की १ तारखेला सेल्समनच येऊन म्हणणार, "साहेबांना सांगून तुमच्यासाठी वाढवून घेतो." कंपनीने ठरवलेली तारीख सरकते, संकष्टी सरकत नाही. म्हणून स्कीमचं नावच "अश्विन संकष्टी स्कीम" ठेवा, क्लिअरन्स किंवा स्टॉक सेल म्हणू नका. खिडकी संकष्टीच्या दहा दिवस आधी उघडा आणि तीन दिवस आधी बंद करा, म्हणजे माल पोचून फळीवर लागायला वेळ मिळतो. ग्राह्य धरायची ती बिलाची तारीख, ऑर्डरची नाही. ऑर्डरची तारीख धरली की मागची तारीख टाकलेल्या ऑर्डरी महिनाभर येत राहतात.

तिसरा मुद्दा मर्यादेचा. एका दुकानाला एकच संच, १२ पुड्या. मोठं काउंटर असेल तर दोन. होलसेलरला ही स्कीम नाही. स्कीम ठरावीक बॅच नंबरपुरतीच. आणि ज्याच्या फळीवर आधीच सहापेक्षा जास्त पुड्या आहेत त्याला या खेपेला नाही, त्याच्या पुड्या काउंटरवर आणून द्या, संपल्या तर कार्तिकात तोही पात्र. सेल्समनला हे आवडत नाही, कारण तो सगळ्यात सहज त्यालाच विकू शकतो. म्हणून या काळापुरतं त्याचं इन्सेंटिव्ह पुड्यांवर न ठेवता दुकानांच्या संख्येवर ठेवा. दहा दुकानांत एकेक संच गेला तर त्याला जास्त मिळालं पाहिजे, एका दुकानात दहा गेले तर नाही.

सेल्समनच्या ग्रुपवर मी साधारण असा मजकूर टाकायला सांगतो:

"अश्विन संकष्टी स्कीम. मोदक पीठ ५०० ग्रॅम, फक्त जुलै बॅच. १२ पुड्यांच्या बिलावर गोडा मसाला १०० ग्रॅमच्या २ पुड्या. एका दुकानाला एकच संच. शेवटचं बिल संकष्टीच्या तीन दिवस आधीचं. दर नेहमीचाच, ७२ रुपये. बॅच संपली की स्कीम तारखेआधीही बंद."

शेवटचं वाक्य विसरू नका आणि ते खरं करून दाखवा. बॅच आधी संपली आणि तुम्ही तरीही देत राहिलात तर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहू नका: "एमआरपीपेक्षा कमी विकलं तर माल बंद." मनात कितीही असलं तरी विक्रेत्याने किती खाली विकावं यावर अशी लेखी सक्ती स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. डीलरांनी द्यायच्या सुटीवर बंधन घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता, कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. तुम्ही आम्ही तेवढे मोठे नाही, पण भाव तोडायचं निमित्तच राहू नये अशी स्कीम बांधणं हा धमकीपेक्षा चांगला मार्ग आहेच.

आणि कमी एमआरपीचा स्टिकर लावू नका. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत एमआरपी कमी करणारा स्टिकर चालतो, फक्त त्याने मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. म्हणजे गिऱ्हाइकाला दोन्ही किमती एकाखाली एक दिसतात. एका बॅचसाठी केलेली ही गोष्ट ते वर्षभर लक्षात ठेवतं.

६. चालू असताना काय बघायचं

रोज संध्याकाळी दोनच आकडे बघा: किती दुकानांत संच गेला, आणि फळीवर किती शिल्लक. पुड्यांचा एकूण आकडा फसवतो. पहिल्या चार दिवसांत ४० दुकानांऐवजी १२ च दुकानांत संच गेला असेल, तर सुटीचा टक्का वाढवायची घाई करू नका. आधी बघा सेल्समन सगळी बीट फिरतोय का, डिस्ट्रिब्युटरकडे मसाला आहे का. मसाला संपल्यामुळे स्कीम बंद पडलेली आणि मालकाला ती "चालत नाही" असं वाटलेलं मी पाहिलं आहे.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी फळ्या पुन्हा मोजा. समजा १२५ पैकी ९० संच गेले आणि त्या १,०८० पुड्यांपैकी ७०० गिऱ्हाइकाने नेल्या. मग कार्तिकात फायदा कमी करा, वाढवू नका: १२ वर दोनाऐवजी मसाल्याची एकच पुडी. दुकानदाराला कळलं पाहिजे की थांबलं की कमी मिळतं. बहुतेक कंपन्या नेमकं उलट करतात, माल राहिला की टक्का वाढवतात, आणि दुकानदार पुढच्या वर्षी शेवटच्या आठवड्याची वाट बघत बसतो.

स्कीमनंतर पहिल्यांदा पूर्ण दराने येणारी ऑर्डर कुठल्या वस्तूची आहे तेही बघा. मसाल्याची ऑर्डर नेहमीइतकीच आली तर ठीक. ती निम्म्यावर आली तर तुम्ही दिलेला फुकट मसाला तुमचीच विक्री खातोय. तो खर्च ८,५०० मध्ये धरा आणि पुढच्या वेळी मसाल्याऐवजी दुकानदाराने अजून न ठेवलेली तुमची दुसरी चांगली वस्तू द्या.

७. तरीही उरलं तर

किरकोळ दुकानातून माल काढून दुसऱ्या दाराने विका. उकडीचे मोदक करून विकणाऱ्या घरगुती व्यावसायिक महिला, केटरर, मेस यांना पीठ कायमच लागतं. त्यांना ६० ला पुडी दिली तरी खर्च भरून निघतो आणि तो दर कुठल्याही फळीवर दिसत नाही. लेबल, बॅच, तारीख तशीच ठेवून, रीतसर बिलाने आणि मुदत किती उरली आहे हे सांगून द्या. मात्र या पुड्या पुन्हा दुकानात जाणार नाहीत इतक्याच प्रमाणात द्या, एका केटररला २० बॉक्स म्हणजे तो होलसेलरच झाला.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

उकड बिघडली, कीड दिसली किंवा वास आला तर सूट, स्कीम, दान काहीही नको. बॅच बाजारातून परत घ्या. कारण कळत नसेल तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत नमुना द्या, विशेषतः ग्राहकाची लेखी तक्रार आली असेल तर. तारीख खोडून नवी टाकण्याचा किंवा जुनं पीठ नव्यात मिसळून पुन्हा पॅक करण्याचा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. त्याला नाही म्हणा, तो गुन्हा आहे.

सीएला तीन प्रसंगी आधीच विचारा, नंतर नाही. एक, विक्री झाल्यावर क्रेडिट नोटने सूट द्यायची असेल तर, कारण तिचे जीएसटीचे नियम बिलावरच्या सुटीपेक्षा कडक आहेत. दोन, विकायची वस्तू आणि सोबत द्यायची वस्तू यांचे जीएसटी दर वेगळे असतील तर. तीन, माल नष्ट करावा लागणार असेल तर, कारण त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं आणि नष्ट केल्याचे कागद नीट ठेवावे लागतात.

डिस्ट्रिब्युटरच माल होलसेलला वळवतोय असं बिलांवरून दिसलं तर रागाच्या भरात पुरवठा तोडू नका. अडकलेली रक्कम, त्याच्याकडचा साठा आणि करारातली नोटिशीची मुदत बघून व्यापारी करार हाताळणाऱ्या वकिलाकडून पत्र जाऊ द्या. मॉल किंवा झटपट घरपोच देणाऱ्या ॲपला माल देत असाल तर स्कीम लावण्याआधी त्यांचाही करार वाचून घ्या. इतरांना दिलेली सूट आम्हालाही हवी असं कलम त्यात असेल तर १२५ संचांचा हिशोब कोलमडतो.

आणि दोन संकष्ट्यांच्या खिडक्या उघडून, काउंटरवर जागा मिळवून, केटररला देऊनही एक तृतीयांशाहून जास्त माल राहिला असेल तर तिसरी स्कीम लावू नका. दोष दुकानात नाही, जुलैच्या पॅकिंगमध्ये आहे. पुढच्या वर्षी सगळं पीठ एका दमात पॅक न करता दोन खेपांत करा: पहिली खेप या वर्षी गणपतीपर्यंत गिऱ्हाइकाने खरोखर नेलेल्या पुड्यांच्या ७० टक्के, आणि दुसरी पहिल्या आठ दिवसांची दुकानवार विक्री हातात आल्यावर.